वॉर्मर नंबर ६, नववा दिवस

(काट्याचा क्लोजअप)

बाराशे तीस. आकडा थांबायला जरा वेळ लागतो कारण लेकरू हलतं, सिस्टर दोन्ही हात दोन बाजूला धरून उभ्या, हात लावत नाहीत पण लांबही नेत नाहीत. सकाळचे सहा वाजलेत, दुधाची वेळ व्हायचीये, बाळ उघडं, फक्त टोपी, आणि काट्यावर टाकलेल्या कापडाचं वजन आधीच शून्य करून घेतलंय. रोज हाच काटा, हीच वेळ, दुधाच्या आधी. यातलं एक जरी बदललं तरी कालच्या आणि आजच्या आकड्याची तुलना करण्यात काही अर्थ राहत नाही.

हे यवतमाळ जिल्ह्यातल्या एका सरकारी दवाखान्याचं एसएनसीयू, म्हणजे आजारी आणि कमी दिवसांच्या बाळांचा विभाग. बाहेर कापूस वेचणीचे दिवस, पहाटे चांगलीच थंडी पडते, आत मात्र स्वेटर घालून उभं राहवत नाही. वॉर्मर नंबर ६ वरची ही मुलगी एकतीस आठवडे दोन दिवसांची असताना झाली, जन्माचं वजन तेराशे ग्रॅम. तिच्या आईचं नाव फाइलवर आहे, आपण ते झाकलंय. इथं बाळाला स्वतःचं नाव नसतंच तसंही, आईच्या नावानं हाक.

तालुक्याच्या दवाखान्यात कळा सुरू झाल्या, वेळ नव्हता, बाळाची फुप्फुसं तयार व्हावीत म्हणून आईला जी इंजेक्शनं देतात त्या डेक्सामेथासोनच्या चार डोसपैकी एकच झाला आणि १०८ ची गाडी निघाली. दुसरा डोस बारा तासांनी असतो, त्याच्या आधीच बाळंतपण झालं. बाळ रडलं, पण श्वास घेताना छाती आत ओढली जात होती आणि प्रत्येक श्वासाला कण्हल्यासारखा आवाज. पहिल्या तासातच सीपॅप, म्हणजे नाकातून दाबानं हवा देणारं यंत्र, लावलं.

(नोटचं पान, वरून)

आता हे पान बघा. रोज सकाळी राउंडच्या आधी हे भरलं जातं, डॉक्टर भरतात पण आकडे सिस्टरांचे असतात. वर लिहिलंय आयुष्याचा दिवस नववा, त्याच्या शेजारी बत्तीस आठवडे तीन दिवस. हे दुसरं वय गर्भाचं पकडून मोजलेलं, आणि डॉक्टरांचं लक्ष जास्त त्याच्यावर असतं, कारण बत्तिसाव्या आठवड्याच्या बाळाकडून चोखून पिण्याची अपेक्षाच नाही, ते चौतिसाव्याच्या आसपास जमायला लागतं. मग खाली तीन मोठ्या ओळी, वजन, दूध, श्वास. बाकीचं पण आहे, ताप, लघवी, कावीळ, पण आज आपण या तीन ओळींवरच थांबू, कारण आज यातल्या एकीनं सगळ्यांना घाम फोडला.

वजनाच्या ओळीत काल बाराशे पन्नास लिहिलंय. आज बाराशे तीस. म्हणजे वीस ग्रॅम कमी.

आई दारातच उभी होती. तिला आत घेतात इथं, हे आधीच सांगून ठेवतो, सगळीकडे घेत नाहीत.

"सिस्टर, आज किती भरलं जी?"

"बाराशे तीस."

"मंग कमीच झालं ना. काऊन कमी झालं जी? दूद तं पूरं जाऊन रायलं."

"थांब बाई, मी पाहून सांगतो."

आईचा प्रश्न अगदी बरोबर होता आणि राउंडला डॉक्टरांनी पण तोच विचारला. पहिल्या आठवड्यात वजन उतरतंच, अंगातलं जास्तीचं पाणी निघून जातं, इतक्या लहान बाळात जन्माच्या वजनाच्या दहा टक्क्यांपर्यंत उतरलं तर कोणी घाबरत नाही, कधी थोडं जास्तही चालतं. या मुलीचं पाचव्या दिवशी अकराशे ऐंशी झालं होतं, म्हणजे एकशेवीस ग्रॅम गेले, नऊ टक्क्यांच्या थोडं वर. सहाव्या दिवसापासून चढायला लागलं. आता चढायला लागलेलं वजन नवव्या दिवशी परत उतरलं तर ते पहिल्या आठवड्याच्या खात्यात टाकता येत नाही. जंतुसंसर्ग असू शकतो, बाळ थंड पडत असेल तर दुधातली सगळी ताकद अंग गरम ठेवण्यातच जाते, दूध हिशेबापेक्षा कमी जात असेल, लघवीवाटे मीठ जास्त जात असेल. कारण शोधायचं म्हणजे रक्त काढायचं. आणि तेराशे ग्रॅमच्या बाळाच्या अंगात एकूण रक्तच शंभर-सव्वाशे मिली असतं, तिथं दोन मिली काढणं पण हिशेबात धरावं लागतं.

डॉक्टरांनी लगेच तपासण्या लिहिल्या नाहीत. त्यांनी पान मागं उलटलं.

मागच्या दिवसांच्या नोंदीत वजनाच्या शेजारी बारीक अक्षरात एक शब्द आहे, बघा, इथं, आणि इथं पण, 'स्प्लिंट वजा'. सलाइनची सुई हातावर टिकावी म्हणून पुठ्ठ्याची पट्टी कापसात गुंडाळून बांधतात, तिला स्प्लिंट म्हणायचं. ती पट्टी, चिकटपट्टी, सुईला जोडलेली छोटी नळी आणि तिचा तोंडाचा नळ, हे सगळं काट्यावर बाळासोबत चढतं. म्हणून ते वजा करायचं. आठव्या दिवशीच्या वजनाशेजारी तो शब्द नाही. आणि आठव्या दिवशी संध्याकाळी सलाइन बंद करून सुई काढली.

(सिस्टर पट्टी बनवतात, पूर्ण शॉट ठेवायचा)

कालची पट्टी तर पिवळ्या पिशवीत गेली, ती परत काढायची नसते. म्हणून सिस्टरांनी तशीच नवीन बनवली. पुठ्ठा तेवढाच कापला, कापूस, गॉज, चिकटपट्टी, नळी आणि नळाचा तुकडा पण जोडला, आणि एकटी पट्टी काट्यावर ठेवली.

पस्तीस ग्रॅम.

मग कालचं खरं वजन बाराशे पन्नास नव्हतंच, बाराशे पंधरा होतं. आज बाराशे तीस. वीस ग्रॅम उतरलं नाही, पंधरा ग्रॅम चढलं. किलोमागं बारा ग्रॅम रोज असा हिशेब बसतो, हवं असतं पंधरा ते वीस, पण ते पूर्ण दूध सुरू झाल्यावर, आणि ही मुलगी अजून पूर्ण दुधावर नाही. कालच्या आकड्यावर काट मारून शेजारी नवीन आकडा, सही, वेळ. खाडाखोड करून जुना आकडा मिटवायचा नाही, तो वाचता आला पाहिजे. आईला सिस्टरांनी काट्यावरची पट्टीच दाखवली, "हे पाह्य, एवढं तं या पट्टीचंच होतं बाई," आणि ती हसली की रडली ते तुम्हीच बघा, आम्ही तो शॉट कापलेला नाही.

(दूध उतरतंय, पिस्टन काढलेली सिरिंज)

दुसरी ओळ दूध. आजच्या नोटमध्ये लिहिलंय चौदा मिली दर दोन तासांनी, आईचं काढलेलं दूध, तोंडातून पोटात टाकलेल्या नळीनं. तोंडातून अशासाठी की नाकात सीपॅपचे प्रॉन्ग, म्हणजे छोट्या नळ्या, आहेत, तिथं आणखी नळी घालून श्वासाची वाट अडवायची नाही. सिरिंजचा दांडा काढून टाकलाय, नुसती नळकांडी वर धरलीये, दूध आपल्या वजनानं उतरतं. दहा मिलीची सिरिंज आहे म्हणून चौदा मिली दोनदा ओतावं लागतं. दांडा लावून ढकललं तर एका मिनिटात आटपेल, पण मग पोट तडतडतं, दूध वर येतं, बाळ श्वास विसरतं. फार पटकन उतरायला लागलं तर सिरिंज खाली घ्यायची, थांबलं तर जरा वर. दहा-पंधरा मिनिटं सिस्टरांचा एक हात असाच हवेत, आणि बारा वॉर्मर आहेत, हात किती आहेत ते मोजून घ्या.

आता हा गुणाकार बघू, हाच नोटचा गाभा आहे. चौदा मिली, दिवसातून बारा वेळा, झाले एकशे अडुसष्ट मिली. याला वजनानं भागायचं म्हणजे किलोमागं किती जातं ते कळतं. भागायचं कोणत्या वजनानं? आजच्या नाही, जन्माच्या. तेराशेनं भागलं तर येतं एकशे एकोणतीस. आजच्या वजनानं भागलं असतं तर एकशे सदतीस आलं असतं, आणि कागदावर वाटलं असतं की वा, भरपूर जातंय, जेव्हा की दुधाचा एक थेंबही वाढलेला नाही, फक्त बाळ लहान झालंय. ज्याचं वजन उतरलं त्याचंच दूध कमी करायचा हा उलटा हिशेब होतो. म्हणून बाळ जन्माच्या वजनावर परत येईपर्यंत भागाकार जन्माच्या वजनानं, आणि एकदा ते ओलांडलं की मग रोजच्या वजनानं. नवीन आलेल्या डॉक्टरांकडून इथंच गडबड होते, असं सिस्टर सांगतात, आणि त्यांनी बऱ्याच बॅचेस पाहिल्यात.

दुसऱ्या दिवशी दोन मिलीनं सुरुवात झाली होती. मग चार, मग सहा. पाचव्या दिवशी वाढवलं नाही, सहाच ठेवलं, पोट फुगलं होतं. मग आठ, दहा, बारा, आज चौदा. रोज दोन मिली वाढ म्हणजे किलोमागं साधारण वीस मिली. उद्याचा बेत सोळा, म्हणजे किलोमागं एकशे अठ्ठेचाळीस, आणि तिथं पोचलं की आपण म्हणू पूर्ण दूध झालं. बाराला पोचल्यावर, किलोमागं एकशे दहाच्या वर गेल्यावर, सलाइन काढली. सलाइन जेवढे दिवस राहते तेवढे दिवस अंगात जंतू शिरायला एक दार उघडं असतं, त्यामुळे सुई काढल्याची वेळ पण नोटमध्ये आहे.

आणि हे दूध येतं कुठून, तर बाजूच्या खोलीतून.

(आई दूध काढतेय, पाठमोरी)

पहिल्या दिवशी तिला काहीच येत नव्हतं, दुसऱ्या दिवशी वाटीच्या तळाला चमचाभर पिवळं. ते चिक पण फेकलं नाही, तेच आधी गेलं. सासू म्हणत होती वरचं दूध पाजा, लेकरू उपाशी मरन. सिस्टरांनी सासूलाच वाटी धरायला बसवलं, हा प्रकार मला फार आवडला. आता दर दोन-तीन तासांनी, रात्री पण, हातानं काढते, झाकणाच्या स्टीलच्या वाटीत, वाटीवर चिकटपट्टी, त्यावर वेळ. फ्रिजमध्ये चोवीस तास, बाहेर चार तास, त्यापुढं नाही. एकशे अडुसष्ट मिली रोज लागतं आणि ती आज त्याच्यापेक्षा थोडं जास्त काढतेय. घरून येऊन-जाऊन हे जमलं नसतं. ती इथं आहे, तिला झोपायला खाट आहे, दोन वेळचं जेवण आहे, म्हणून ओळ क्रमांक दोन मध्ये आईचं दूध लिहिता आलं, डब्यातली पावडर नाही.

(पाण्याची बाटली, बुडबुडे, आवाज तसाच ठेवायचा)

तिसरी ओळ श्वास. हा आवाज या खोलीत दिवसरात्र असतो. बबल सीपॅप म्हणजे काय, तर बाळाच्या नाकात दोन छोट्या नळ्या, एकीकडून हवा-ऑक्सिजन येतो, आणि बाहेर जाणारी नळी पाण्याच्या बाटलीत बुडवलेली. पाण्यात पाच सेंटिमीटर बुडवली तर बाळाच्या फुप्फुसावर पाच सेंटिमीटर पाण्याएवढा दाब राहतो, श्वास सोडला तरी फुप्फुस पूर्ण मिटत नाही. नवीन फुग्यात पहिली फुंकर मारायला किती जोर लागतो तो आठवा, अर्धा फुगलेला असला की सोपं जातं, तेवढंच हे. पहिल्या दिवशी दाब सहा आणि ऑक्सिजन चाळीस टक्के होता, चौथ्या दिवशी तीस टक्के, आज दाब पाच, ऑक्सिजन पंचवीस. साध्या हवेत एकवीस असतो, म्हणजे फार उरलं नाही.

बुडबुडे बंद झाले की समजायचं हवा कुठंतरी गळतेय. बहुतेक वेळा बाळानं तोंड उघडलेलं असतं, नाहीतर प्रॉन्ग सरकलेत, नाहीतर जोड सैल. मशीनचा अलार्म वाजायच्या आधी सिस्टरांना आवाज थांबल्याचं कळतं, आम्ही शूट करत असताना दोनदा झालं, दुसऱ्या वेळी त्या आमच्याशी बोलत होत्या, वाक्य अर्धं सोडून गेल्या. उलट गोष्ट पण होते, नळीतली वाफ थंड होऊन बाटलीत पाणी साचत जातं, पातळी वर चढते, आणि नोटमध्ये पाच लिहिलेलं असताना दाब सहा-सात झालेला असतो. म्हणून हा टेपचा काळा पट्टा, पाणी याच्या वर दिसलं की काढून टाकायचं. प्रॉन्ग नाकाच्या मधल्या पडद्याला टेकू द्यायचे नाहीत, दोन मिलिमीटर जागा सोडायची, नाहीतर कातडी सोलवटते. नोटमध्ये 'नाक ठीक' हे दोन शब्द त्यासाठी.

सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी, नव्वद ते चौऱ्याण्णवच्या मध्ये ठेवायची. शंभर दिसलं की नातेवाईक खूश होतात, पण बाळ जास्तीच्या ऑक्सिजनवर असताना शंभर दिसणं वाईट, डोळ्याच्या पडद्यावर त्याचा परिणाम होतो, त्यावर पुढे बोलू.

आता आजच्या नोटमधली एक ओळ, याचं फुटेज आपल्याकडे नाही, पहाटेचं आहे. ४ वाजून १० मिनिटं, वीस सेकंद श्वास थांबला, सॅच्युरेशन ७४, हृदयाचे ठोके ८८, तळपायाला हात लावून हलवल्यावर परत सुरू. श्वास विसरणं या वयात होतंच, मेंदूतलं श्वासाचं केंद्र अजून कच्चं असतं, म्हणून तिला रोज कॅफिन चालू आहे, किलोमागं पाच मिलिग्रॅम. पण नऊ दिवसांच्या बाळात नवीन श्वास थांबणं म्हणजे संसर्गाची पहिली खूण पण असू शकते. आणि सकाळी पोटाचा घेर पण बावीसवरून साडेतेवीस सेंटिमीटर झालेला. म्हणजे बघा, वजन उतरलेलं, श्वास थांबलेला, पोट फुगलेलं. तिन्ही ओळी एकाच दिशेनं बोट दाखवत होत्या, आणि आतड्याला सूज येणारा जो आजार कमी दिवसांच्या बाळांचे जीव घेतो त्याची सुरुवात अगदी अशीच दिसते. पट्टी मोजण्याआधी खोलीत काय वातावरण असेल ते समजून घ्या.

वजनाची ओळ तर पट्टीनं सुटली. पोटाची अशी सुटली की सीपॅपची हवा थोडी पोटातही जाते, तिला बाहेर यायला वाट हवी म्हणून दोन दुधांच्या मध्ये नळीचं तोंड उघडं ठेवायचं असतं. रात्री ते बंद राहिलं होतं. उघडलं, अर्ध्या तासानं घेर साडेबावीस. पोट मऊ, दाबलं तर बाळ कळवळत नाही, नळीतून हिरवं काही नाही, शी पिवळी, रक्त नाही. आणि चारचं दूध संपलं तेव्हाच श्वास थांबला होता, फुगलेल्या पोटात दूध गेल्यावर. अंगाचं तापमान ३६.८, बाळ हात लावला की हातपाय झाडतंय. डॉक्टरांनी रक्त काढलं नाही, दूध बंद केलं नाही. लिहिलं, घेर दर चार तासांनी मोजणे, परत श्वास थांबल्यास लगेच कळवणे आणि तपासण्या. असं लिहिणं सोपं नाही, दूध बंद करून अँटिबायोटिक लावणं जास्त सोपं असतं, कोणी नावं ठेवत नाही.

एक बेत मात्र बदलला. आज सीपॅप काढून बघायचं होतं. काढायचं तर आधीचे चोवीस तास हलवून जागं करावं लागेल असं काही व्हायला नको, म्हणून ते पुढं ढकललं.

(आई खुर्चीत, बाळ छातीवर, नळ्या दिसतायत)

दुपारी दोन ते चार कांगारू. सीपॅप लावलेलं असताना पण होतं, हे लोकांना खरं वाटत नाही म्हणून हा शॉट मोठा ठेवलाय. नळ्या आधी आईच्या खांद्यावर टेपनं चिकटवायच्या, मग दोघींनी मिळून बाळ उचलायचं, मान सरळ, नाक मोकळं, उघड्या अंगाला उघडं अंग, वरून शाल. दोन तासांत ऑक्सिजन पंचवीसवरून तेवीसवर आणता आला, सॅच्युरेशन ९२-९३ टिकलं. एका बाळाच्या एका दुपारवरून नियम काढू नये हे मान्य. पण नियम दुसरीकडे काढून झालाय. भारतासह पाच देशांत एक किलो ते अठराशे ग्रॅमच्या आतल्या बाळांवर अभ्यास झाला, दिल्लीचं सफदरजंग त्यात होतं, २०२१ मध्ये निकाल आला. बाळ पूर्ण स्थिर व्हायची वाट न बघता जन्मल्यापासून आईसोबत ठेवलेल्या बाळांमध्ये अठ्ठावीस दिवसांतले मृत्यू १२ टक्के, नेहमीच्या पद्धतीत १५.७ टक्के. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ मध्ये सांगितलं की दिवसाला आठ ते चोवीस तास कांगारू द्या. आपल्या नोटमध्ये आज दोन तास लिहिलेत, कारण वॉर्मरशेजारी खुर्ची एकच आहे आणि ती चार आयांमध्ये फिरते. खुर्ची. बाकी काही नाही.

(नोटची शेवटची ओळ)

बेत, दूध सोळा मिली दर दोन तासांनी, घेर ठीक राहिला तरच. सीपॅप पाच, ऑक्सिजन जमेल तसा कमी. दूध पूर्ण झालं की त्यात घालायची फॉर्टिफायरची पुडी, किलो-सव्वाकिलोच्या बाळाला नुसत्या आईच्या दुधातलं प्रोटीन आणि कॅल्शियम पुरत नाही म्हणून. कांगारू वाढवणे. वजन, पट्टी नाही.

पुढचं पटकन सांगतो. श्वास परत थांबला नाही, अकराव्या दिवशी सीपॅप निघालं, बाराव्या दिवशी तेराशेचा आकडा परत आला आणि भागाकाराचं वजन बदललं. पाजायला मग बोंडलं, त्याच्यानंतर छाती. डोळ्याच्या पडद्याची तपासणी चौतीस आठवड्यांच्या आत जन्मलेल्या प्रत्येक बाळाची चौथा आठवडा संपेपर्यंत करावीच लागते, तोवर घरी गेलेलं असलं तरी, आणि उशीर झाला तर नजर जाऊ शकते. तारीख डिस्चार्ज कार्डावर लाल पेनानं लिहिली, गावच्या आशाताईंना फोन करून वेगळी सांगितली, आणि गाडी कोण आणणार ते पण तेव्हाच ठरवून घेतलं.